पुस्तकातून गेलेल्या सतरा नोंदी

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मी ई-पुस्तकांचा रीडर उघडला तेव्हा पडद्यावर चार पुस्तकं होती. सकाळी पाच होती.

मी अजून पायातली चप्पलही काढली नव्हती. कॉलेजच्या ऑफिसातून येताना बसमध्ये ठरवलं होतं, गेल्या गेल्या आधी नोंदी कागदावर उतरवायच्या, मग चहा. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डॉक्टर मॅडमची वेळ होती. सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी माझ्या रांगत्या लेकीच्या, ताराच्या, झटक्यांसाठी एक छापील तक्ता दिला होता. तारीख, वेळ, किती सेकंद, कोणता हात, जागी होती की झोपेत, ताप होता का. तिचा ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, तेव्हा साफ आला होता. "एका ईईजीवर मी औषध सुरू करणार नाही आणि झटके नाहीतच असंही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "प्रत्येक वेळी लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी तुमच्या नोंदी पाहून ठरवू."

तक्ता कपाटाच्या खणात कोराच पडून होता. नोंदी मी रीडरमध्ये केल्या होत्या.

आता सांगताना हे वेड्यासारखं वाटतं, पण तेव्हा सोयीचं होतं. ताराला कुशीत घेऊन पडलं की माझा एकच हात मोकळा असायचा. फोनचा उजेड तिच्या डोळ्यांवर यायचा, रीडरचा येत नसे. त्यात मी झटके येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी लिहिलेलं एक पुस्तक वाचत होते. तिची नजर थांबली, डावा हात उडू लागला, की मी मनात सेकंद मोजायचे, आणि संपलं की ज्या पानावर असेन त्या पानावर टीप टाकायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी. "Punha. 9 sec. dava haat." पुस्तक आणि मूल एकाच जागी राहत होते, म्हणून मला ते नीट वाटत होतं. आणि आता पुस्तकच नव्हतं.

"आई, रीडर कोणी घेतला होता?"

माझ्या सासूबाई, सिंधूताई, स्वयंपाकघरात ताराला वरणभात भरवत होत्या. तलाठी कार्यालयात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या. मोतीबिंदूनंतर छापील पुस्तक वाचवत नाही म्हणून माझ्या नवऱ्याने, रोशनने, त्यांच्यासाठीच हा रीडर आणला होता. अक्षरं मोठी करून त्या कादंबऱ्या वाचायच्या. एका पानावर सात ओळी मावत.

"मीच वाचून राहिली होती दुपारी," त्या म्हणाल्या. "काहून?"

"माझं पुस्तक दिसत नाही."

"माझ्या वाचण्यानं तुझं पुस्तक कसं जाईल वं," त्या म्हणाल्या, आणि ताराच्या तोंडाला लागलेला भात बोटाने आत ढकलला.

मी शोधपट्टीत नाव टाकलं. नाही. 'डाउनलोड केलेली' आणि 'सगळी' अशा दोन याद्या असतात, दोन्ही पाहिल्या. नाही. यंत्र बंद करून चालू केलं. चारच.

सतरा वेळा मी लिहिलं होतं. की अठरा? आठवायला गेले तर तीनच स्पष्ट आठवत होत्या. बाकीच्या सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "आधी किती दिवसांनी यायचे, आता किती दिवसांनी येतात?" तर मी काय सांगणार होते? आणि घरात तर आधीच सगळे म्हणत होते की मी जास्त विचार करते. रोशन म्हणायचा, आई म्हणायच्या. नोंदी गेल्या तर माझ्याकडे फक्त माझी भीती उरणार होती. एवढ्या भीतीवर कोणी औषध लिहून देत नाही.

रीडरच्या खात्याच्या वेबपानावर नोंदी दिसतात हे मला माहीत होतं. फोनवर उघडलं. तिथे आईंच्या विकत घेतलेल्या कादंबऱ्यांच्या ओळी होत्या. पान उलटायला त्या बोट टेकवतात ते जास्त वेळ टेकलं की ओळ अधोरेखित होते, त्यामुळे "म्हणून ती" आणि "दार लावून घे" असले तुकडे भरले होते. माझ्या पुस्तकाचं नाव कुठेच नव्हतं.

रोशनला फोन लावला. तो कळमेश्वरला एमआयडीसीत आहे, त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. मागे यंत्रांचा घरघराट.

"गेलं म्हणजे काय गेलं?"

"पुस्तक दिसत नाही. त्यात ताराच्या सगळ्या नोंदी होत्या. वेबवर पण नाहीत."

"अवं भूमिका, मग रीसेट मार ना. रीसेट कर, पुन्हा लॉगिन कर, सगळं खाली उतरते. माझ्या फोनचं असंच झालं होतं, सगळं जसंच्या तसं आलं."

"नक्की?"

"दहा मिनिटाचं काम आहे. एवढं काहून घाबरून राहिली?"

त्याआधी मी एकदा वेगळं करून पाहिलं. जुन्या लॅपटॉपवर त्या पुस्तकाची फाइल होती. माझी मैत्रीण माया आमच्या कॉलेजच्या वाचनालयात आहे, तिनेच ते दिलं होतं. एका संस्थेने पालकांसाठी फुकट ठेवलेलं पुस्तक. तेव्हा रोशनने वायर जोडून ते रीडरमध्ये टाकलं होतं. म्हटलं, तेच पुन्हा टाकू, टिपा आपोआप चिकटतील. रीडरच्या चार्जरची वायर लॅपटॉपला लावली. रीडरवर विजेचं चिन्ह आलं, लॅपटॉपवर काहीच नाही. दुसऱ्या खाचेत लावली. काहीच नाही. ताराचा ताटलीवर चमचा आपटल्याचा आवाज येत होता, आणि मी दर आवाजाला वर पाहत होते. सवय झाली होती. आवाज थांबला की जास्त भीती वाटायची.

मग रीसेट.

सेटिंगमध्ये गेले. एक चौकट उघडली. इंग्रजीत लिहिलं होतं की या यंत्रावरचा सगळा मजकूर पुसला जाईल, खात्यातल्या खरेदी पुन्हा उतरवता येतील. खाली दोन बटणं. माझं बोट 'होय'वर होतं, टेकायचं राहिलं होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली. खात्यातल्या खरेदी. हे पुस्तक मी खरेदी केलेलंच नव्हतं. तिसऱ्यांदा वाचली, आणि मग बोट असं उचललं जसं तव्यावरून उचलतात.

मायाला मघाशीच मेसेज टाकला होता, पण सात वाजेपर्यंत ती वाचनालयात असते आणि तिथे फोन उचलत नाही. मी तरीही लावला. दोनदा. तिसऱ्यांदा ती कुजबुजत बोलली.

"काय झालं? तारा ठीक आहे ना?"

मी सांगितलं.

"रीसेट केलं का?"

"नाही. करणार होते."

"नको करू. हात लावू नको. थांब, मी बाहेर येते." तिच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज ऐकू आला. "हां. ते पुस्तक मेलवर पाठवलं होतं की वायरने टाकलं होतं?"

"वायरने."

"मग ते तुझ्या खात्यात कधी गेलंच नाही. मेलवरून पाठवलं असतं तर तिकडे एक प्रत राहिली असती, नोंदी पण वर गेल्या असत्या. वायरने टाकलेलं फक्त त्या यंत्रात. पुस्तक पुसलं की त्याच्यासोबतची नोंदींची फाइल पण जाते. तू पुस्तक परत टाकलंस तरी पहिल्या पानापासून कोरं उघडेल."

मी खाली बसले. ओट्याजवळ, फरशीवर.

"ऐकून राहिली का?" माया म्हणाली. "अजून एक जागा आहे. रीडर स्वतःसाठी एक साधी मजकुराची फाइल ठेवतो. कोणत्याही पुस्तकात तू काही अधोरेखित केलंस, टीप लिहिलीस, की त्याची एक नक्कल त्या फाइलीत शेवटी जोडल्या जाते. त्या फाइलीत फक्त भर पडते. पुस्तक पुसलं तरी ती राहते. रीसेट केलं असतं तर ती पण गेली असती."

"ती कुठे असते?"

"यंत्राच्या आत, पुस्तकांच्याच फोल्डरमध्ये. लॅपटॉपला जोडल्यावर दिसेल."

"लॅपटॉपला जोडलं तर काहीच दिसत नाही."

"कोणती वायर आहे? काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून फाइल जात नाही. दुसरी घे. फोनसोबत डब्यात आलेली असते तशी."

आमच्या घरात वायरींचा एक डबा आहे, श्रीखंडाचा. मी तो जमिनीवर पालथा केला. तिसऱ्या वायरीला लॅपटॉपने आवाज केला आणि रीडरचं नाव पडद्यावर आलं.

"सापडली?"

फोल्डरमध्ये आईंच्या कादंबऱ्या, आणि त्यांच्या खाली एक लहानशी फाइल.

"आधी लॅपटॉपवर कॉपी कर," माया म्हणाली. "तिथल्या तिथे उघडू नको. कॉपी कर, रीडर काढ, मग उघड."

मी तसंच केलं. फाइल उघडली. आधी आईंचे तुकडे. "म्हणून ती." "दार लावून घे." मग माझ्या पुस्तकाचं नाव. त्याच्या खाली जागेचा क्रमांक, वार, तारीख, वेळ. मग एक रिकामी ओळ. मग, Punha. 9 sec. dava haat. त्याखाली बरोबरच्या चिन्हांची लांब रेघ, आणि पुढची.

"आहेत," मी म्हटलं. "माया, आहेत."

"तारखा पाहिल्या का? प्रत्येकीवर तू लिहिलंस ती वेळ असते. पुस्तकात दिसत नाही, पण इथे असते." मग म्हणाली, "जाते मी, मॅडम आल्या. उद्या कळव."

मी कागद घेतला आणि उतरवायला बसले. आईंनी ताराला आतल्या खोलीत पाळण्यात टाकलं होतं, दोरीची करकर ऐकू येत होती.

मी संपल्या संपल्याच लिहायचे, म्हणून वेळा जवळपास खऱ्या होत्या. पहिली नोंद रविवारी. दुसरी त्यापुढच्या शुक्रवारी. मग मंगळवार. मग शनिवार, सोमवार. मग दिवसाआड. गेल्या आठवड्यात रोज, आणि बुधवारी दोनदा. रोज जगताना हे मला दिसलं नव्हतं. रोज वाटायचं, परवासारखंच आहे. कागदावर तारखा एकाखाली एक आल्या तेव्हा त्या एकमेकींच्या जवळ जवळ सरकत आलेल्या दिसल्या. जवळजवळ सगळ्या वेळा उठल्यानंतर अर्ध्या तासाच्या आतल्या.

म्हणजे मी वेडी नव्हते. हे कळल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

सतरावी नोंद उतरवून झाली. पण मोजलं तर फाइलीत माझ्या पुस्तकाचं नाव एकोणीस वेळा होतं. मधल्या दोन घाईत सुटल्या होत्या.

माझ्याच पुस्तकाचं नाव. सुटलेली पहिली तारीख, गेल्या आठवड्यातला गुरुवार. दुपारी दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

गुरुवारी दुपारी दोन एक्केचाळीसला मी परीक्षा विभागात होते. हॉल तिकिटांवर शिक्के मारत होते.

Aaj dupari zala. Hat uddala. Thodkyat.

त्याखाली रेघ. आणि पुढे सुटलेली दुसरी, या मंगळवारची. तीन वाजून पाच मिनिटं. त्यात काय होतं ते मी देवनागरीतच लिहिते, मला ती अक्षरं पुन्हा तशी लिहायची नाहीत.

"ताराले मोठं झालं. घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं. ओठ निळे. मंग झोपली. उठली तं चांगली होती."

तीन मिनिटं. माझ्या सगळ्या नोंदींत सर्वांत मोठी चौदा सेकंदांची होती. मंगळवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तारा रांगत दाराशी आली होती. मी तिला उचललं होतं. आईंनी चहा दिला होता. त्या दिवशी चहात आलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, आज पोरगी फार शहाण्यासारखी झोपली.

पाळण्याची दोरी थांबली. मी आत गेले. तारा झोपली होती, तोंड उघडं, छाती वर खाली होत होती. मी ते पाहत उभी राहिले. वीस श्वास मोजले. मग आईंकडे पाहिलं.

"मंगळवारी काय झालं, आई?"

त्यांनी आधी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"ते मी पुसलं होतं," त्या म्हणाल्या.

"पुसल्या जात नाही. एका फाइलीत राहते."

त्या पाळण्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या. चष्मा काढला. साडीच्या पदराने काचा पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या.

"तुह्या नोंदी मी वाचल्या होत्या," त्या म्हणाल्या. "माझं पुस्तक समजून उघडलं, तं ते निघालं. सगळ्या वाचल्या. मग माझ्यासमोर झालं, तवा मी तुझ्याखालीच लिहिलं. म्हटलं, तू वाचशील. तोंडानं नाही सांगता येणार, निदान वाचशील."

"मग पुसलं काहून?"

"भ्याली मी." त्यांनी चष्मा घातला. "तीन महिने मीच म्हणून राहिली ना, लेकरं दचकतात, काही नाही, तू लय विचार करते. अन् तुले घरी बसवायचं नव्हतं मले. तू म्हणशील, माझी पोरगी हिच्यापाशी नाही ठेवत. नोकरी सोडशील, नाहीतर तिले पाळणाघरात घालशील. अन् मग तो शब्द. मिरगी. पोरीच्या जातीले एकदा लागला की विहारातल्या बायापासून सगळ्या हळू आवाजात बोलतात. मी पाहिलं आहे, माझ्या मावशीच्या पोरीचं."

"तीन मिनिटं, आई."

"माहीत आहे मले किती ते. मी मोजले ना." त्या पाळण्याकडे पाहत म्हणाल्या, "मी तिले कुशीवर वळवलं. तुझ्या पुस्तकात लिहून होतं तसं. तोंडात काही घातलं नाही. अन् घड्याळ पाहत बसली. दुसरं काही सुचलंच नाही."

मला खूप ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण तारा झोपली होती. मी विचारलं, "पुस्तक कधी गेलं?"

"आज. उद्या तू डॉक्टरकडं जाशील, त्याच्याआधी ते दोन पुसावं म्हटलं. टिपेवर बोट ठेवलं, डिलीट आलं, दाबलं. दोन्ही गेले. मग बाहेर आली, पण मन नाही मानलं. वाटलं, झालं का नाही झालं. पुस्तकाच्या चित्रावर बोट ठेवलं तं तिथं बी डिलीट लिहून होतं. वाटलं, मघाचं अर्धवट राहिलं असन. दाबलं. तं पूरं पुस्तकच गेलं." त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली. "तू विचारलं तवा सांगायचं होतं. नाही निघालं तोंडातून."

"अजून किती, आई? या दोन सोडून?"

त्यांनी आधी बोटांवर मोजून पाहिलं, आणि तेवढ्या वेळात मी काय काय पाहिलं ते मला लिहिता येणार नाही.

"लिहिले ते दोनच," त्या म्हणाल्या. "ते लिहायच्या आधी एक. लहान. तारीख नाही आठवत."

मी कागदावर त्या दोन नोंदींखाली लिहिलं: आणखी एक, तारीख माहीत नाही.

रोशन रात्री घरी आला तेव्हा मी त्याच्या हातात कागद दिला. तो उभ्या उभ्या वाचत गेला. शेवटच्या ओळीशी आल्यावर त्याने टिफिनची पिशवी खाली ठेवली आणि आत पाळण्याशी जाऊन बसला. रीसेटचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही.

शनिवारी आई म्हणाल्या, मी पण येते. रिक्षात ताराला त्यांनीच मांडीवर घेतलं. मी शेजारी बसून तिच्या डाव्या हाताकडे पाहत होते. रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला तो हात हलायचा, आणि मला दर वेळी ठरवावं लागायचं की हा रस्ता आहे की ते.

डॉक्टर मॅडमनी कागद घेतला. फाइलीचा प्रिंटही मी सोबत नेला होता, प्रताप नगरच्या चौकातून काढून. त्या बोट फिरवत खाली आल्या. मध्ये एकदा मागे गेल्या, पुन्हा खाली आल्या. खोलीत एसीचा आवाज.

"या वेळा कशा काय इतक्या नेमक्या?"

"यंत्राने टाकलेल्या आहेत. मी फक्त सेकंद लिहायचे."

"छान झालं." मग त्यांचं बोट थांबलं. "तीन मिनिटं. ओठ निळे. हे तुम्ही पाहिलंत?"

मी तोंड उघडलं. खरं तर मी ठरवून आले नव्हते की काय सांगायचं. हो म्हटलं असतं तरी ती नोंद तीच राहिली असती.

"मी पाहिलं," आई मागून म्हणाल्या. "मी आजी. ही घरी नव्हती. मीच लिहिलं."

"किती वाजता सुरू झालं? कोणता हात आधी? डोळे कुठे होते?"

आई उठून टेबलापाशी आल्या. तलाठी कार्यालयात साहेबांसमोर उभ्या राहायच्या तशा, हात पुढे बांधून. त्यांनी सगळं सांगितलं. डोळे डाव्या बाजूला गेले होते, मग हात, मग पाय, मग दोन्ही हात. हे त्यांनी त्या टिपेत लिहिलं नव्हतं. मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टर लिहून घेत होत्या आणि मध्ये एकदाही "घाबरू नका" म्हणाल्या नाहीत. त्याची मला जास्त भीती वाटली.

"आज भरती करूया," त्या म्हणाल्या. "चोवीस तास व्हिडिओ ईईजी लावू. कॅमेरा आणि ईईजी एकत्र चालतं, त्यामुळे झटका आला तर तो कुठून सुरू होतो ते दिसेल. औषध त्यानंतर लगेच सुरू करू, आता वाट पाहायची नाही. आणि मोठा झटका थांबवायला घरी ठेवायचा एक नाकातला स्प्रे देते. तो कसा द्यायचा ते दोघींनाही शिकवतील. दोघींना," त्यांनी पुन्हा म्हटलं.

दुपारी एका मुलीने ताराच्या डोक्यावर पेस्ट लावून एकेक वायर चिकटवली. वर पांढरी जाळीची टोपी. तारा आधी रडली, मग टोपीच्या कडेला ओढत बसली. कॅमेरा भिंतीवर, त्याचा लाल ठिपका खाटेकडे. तंत्रज्ञ मुलीने एक बटण दिलं, लांब वायरीचं, अंगठ्याने दाबायचं.

"काहीही वाटलं की दाबा. खोटं वाटलं तरी दाबा. दाबल्यावर त्या वेळेला खूण पडते. आणि पांघरूण बाजूला करा, कॅमेऱ्याला हात पाय दिसले पाहिजेत. मध्ये उभं राहू नका."

मी बटण घेतलं. रोशन खाली औषधं आणायला गेला होता. आई खाटेच्या दुसऱ्या बाजूला, स्टुलावर.

आता आम्ही वाट पाहत होतो. अशी वाट पाहणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. झटका आला नाही तर चोवीस तासांनी पुन्हा काही कळणार नाही, पुन्हा साफ कागद. आला तर... मी दर मिनिटाला तिच्या डोळ्यांकडे पाहत होते आणि दर मिनिटाला दोन्ही गोष्टी मागत होते. आमच्यात कालपासून कामापुरतं बोलणं होतं. पाणी, दुपटं, चमचा.

तारा झोपली. पावणेपाचला उठली. दूध प्यायली. मी बाटली धुवायला बेसिनकडे गेले, चार पावलं. बटण आईंच्या हातात दिलं. द्यावं की नाही हा विचार मनात आला, आणि तो आल्याचा राग आला, आणि तरी दिलं.

नळ सोडला. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी लगेच बंद केला. वळले.

तारा बसली होती. टोपीची कड हातात. नजर डावीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं.

मी हाक मारायच्या आत आईंनी बटण दाबलेलं होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी दुपटं ओढून बाजूला केलं, तिला कुशीवर वळवलं, आणि कॅमेऱ्याच्या वाटेतून मागे सरकल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोठ्याने मोजू लागल्या, म्हणजे मला ऐकू येईल.

"एक," त्या म्हणाल्या. "दोन. तीन. भूमिका, इकडून ये. तिचा हात पाह्य, मी घड्याळ पाहून राहिली. चार. पाच."

मी खाटेच्या या बाजूला आले आणि हात पाहू लागले.